तिसऱ्या काढणारी पोर काम करतेय की खेळतेय?

मे महिन्यातली गोष्ट. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही लांबवर जाते, म्हणून आई, मी आणि माझी आठ वर्षांची भाची असे तिघीजणी तिसऱ्या, म्हणजे खायचे छोटे शिंपले, काढायला खाडीत उतरलो. मालवण आणि आचऱ्याच्या मधे आमचं गाव आहे. खाडीत पोटरीभर पाणी होतं आणि खाली रेतीमिश्रित चिखल. तिसरी काही वर बसलेली नसते, ती दोन-चार बोटं खाली रुतलेली असते, त्यामुळे पाण्यात बघत बसून काही उपयोग होत नाही, पायानं चाचपत जायचं आणि टाचेखाली टणक लागलं की वाकून हातानं उकरायचं. आई भाचीला तेच सांगत होती, "डोळ्यान नको गो, पायान सोद." पोरगी अंगठ्यानं चाचपायची, सापडली की पाण्यात खळबळून पाटीत टाकायची, मधेच कुर्ली दिसली की तिच्या मागे धावायची, ओली होऊन परत यायची, पुन्हा सुरू. तासाभरानं तिच्या पाटीत आईच्या पाव हिस्सा माल होता आणि त्यातल्या निम्म्या इतक्या बारीक की आईनं त्या तिथंच खाडीत परत सोडल्या.

माझा चुलतभाऊ सुट्टीला मुंबईहून आलेला, त्यानं बांधावरून मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. पहिला मेसेज आला, "किती गोड, असं बालपण आता राहिलं नाही." त्याच्या खालोखाल पुण्याच्या वहिनीचा, "एवढ्या लहान मुलीला कामाला कशाला लावता, सुट्टीत तरी खेळू द्या ना." व्हिडिओ एकच, पोर एकच. मी आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "काम खयचा? ता खेळता हा."

मी एकोणीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतेय, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता ग्रुपवरच्या वादाचा नाही. मूल कधी खेळतंय, कधी मदत करतंय आणि कधी राबतंय हे ठरवायचं कसं, हे मला दर वर्षी हजेरीपत्रकासमोर बसून ठरवावं लागतं. अभ्यासक म्हणतात की बालपण ही समाजानं घडवलेली कल्पना आहे. हे ऐकायला फार अवघड वाटतं पण ते समजून घेतलं की असे बरेच वाद सुटे होतात, म्हणून आज त्यावर लिहितेय.

आधी त्या शब्दांचा अर्थ बघू. सहाव्या-सातव्या वर्षी दुधाचे दात पडायला लागतात. हे मालवणात होतं, लंडनमध्ये होतं आणि पाचशे वर्षांपूर्वीही होत होतं, यात समाजाचा काही हात नाही. पण दात पडलेल्या त्या पोरानं आता काय करायचं हे मात्र प्रत्येक समाज आपापलं ठरवतो. आज सहा वर्षं म्हणजे पहिलीत नाव. दीडशे वर्षांपूर्वी ब्राह्मणाच्या घरात मुलाची आठव्या वर्षी मुंज आणि त्याच वयाच्या त्याच्या बहिणीचं कित्येकदा लग्न. आणि १८८१ साली इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा केला त्यात सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायला बंदी होती, म्हणजे उलटं वाचलं तर सात पूर्ण झालेलं पोर मोठ्या गिरणीत कायदेशीरपणे कामाला जाऊ शकत होतं, बाराव्या वर्षापर्यंत दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास. दात सगळ्यांचे सारखेच पडलेले. एकाच्या हातात पाटी, एकाच्या गळ्यात जानवं, एकीच्या गळ्यात मंगळसूत्र, एकाच्या हातात गिरणीचं सूत. शरीराचं वय निसर्ग देतो पण त्या वयाचा अर्थ माणसं लावतात, एवढंच ते म्हणणं आहे.

ही चर्चा गाजवली ती फिलिप आरिएस नावाच्या फ्रेंच इतिहासकारानं, १९६० साली. त्याचं म्हणणं होतं की मध्ययुगीन युरोपात बालपण ही वेगळी अवस्था आहे अशी जाणीवच नव्हती, मूल आईच्या मांडीवरून उतरलं की ते मोठ्यांच्या जगात मिसळून जायचं, चित्रांतसुद्धा मुलं म्हणजे छोटी माणसंच काढलेली. पुढं इतर इतिहासकारांनी त्याला बराच विरोध केला आणि तो मला पटतो. त्या काळातली खेळणी सापडलीत, मेलेल्या मुलांसाठी आईबापांनी केलेला शोक नोंदलेला आहे, म्हणजे माया होती आणि मूल मोठ्यांहून वेगळं आहे हेही लोकांना कळत होतं. आरिएसचं जे टिकलं ते एवढंच की आज आपण जे बालपण म्हणतो, म्हणजे काम नाही, शाळा आहे, खेळ हा हक्क आहे, ते कायमचं आणि सगळीकडचं नाही.

आता पुन्हा तिसऱ्यांकडे येते, कारण याच कामावर एक फार सुंदर अभ्यास झालेला आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधे टॉरेस सामुद्रधुनी आहे, तिथं मेर नावाचं छोटं बेट आणि त्यावर मेरियाम लोक राहतात. ओहोटीला तिथला प्रवाळाचा कट्टा उघडा पडतो आणि बायामाणसं, पोरं सगळी शिंपले गोळा करायला उतरतात, चार-पाच वर्षांची पोरंसुद्धा. डग्लस बर्ड आणि रेबेका ब्लीज बर्ड या दोघांनी तिथं राहून, कोण किती चाललं, काय दिसलं, काय उचललं आणि काय सोडलं हे बारकाईनं नोंदवलं आणि २००० च्या आसपास ते छापलं. त्यांना दिसलं की मोठी माणसं फक्त मोठाले शिंपले घेतात, बारीक दिसले तरी ओलांडून जातात, आणि पोरं मात्र बारीकसारीक सगळं उचलतात.

आपण काय म्हणू? पोरांना अजून कळत नाही, शिकतील हळूहळू. मीही आधी हेच म्हटलं असतं. पण त्यांच्या मोजणीतून वेगळंच निघालं. पोरांचे पाय लहान, ती हळू चालतात, त्यामुळे तासाभरात त्यांना मोठे शिंपले भेटतातच मुळी कमी. ज्याला मोठा माल क्वचित भेटतो त्यानं बारीक सोडून पुढं जाणं तोट्याचं आहे, म्हणून पोरं जे करतात ते त्यांच्या चालीच्या हिशेबानं अगदी बरोबर आहे. म्हणजे सहा-सात वर्षांचं पोरही नुसतं मोठ्यांची नक्कल करत नाही, त्याचा स्वतःचा हिशेब चालू असतो. आणि हे सगळं पोरांचा घोळका करून, पळापळी करत, जागेवरच भाजून खात. त्याला काम म्हणा की खेळ, तुम्हाला दोन्हींपैकी एकच शब्द वापरायचा असेल तर काहीतरी हातातून सुटतंच.

मग काय, गावातली, रानातली सगळीच पोरं अशी कमावती असतात का? नाही. आणि हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याला "शहरातलं बालपण" विरुद्ध "पूर्वीचं नैसर्गिक बालपण" अशी सोपी जोडी लावायची सवय आहे. आफ्रिकेत कंदमुळं आणि शिकारीवर जगणारे दोन समाज घ्या, टांझानियातले हाड्झा आणि कलहारी वाळवंटातले कुंग. हाड्झांची पोरं लहानपणापासून वस्तीच्या आसपास फिरून बोरं, गोरखचिंचेची फळं, कंद गोळा करतात आणि स्वतःच्या खाण्यातला मोठा भाग स्वतःच मिळवतात. कुंगांची पोरं मात्र बहुतेक वेळ वस्तीवर बसून खेळतात, मोठी माणसं त्यांना कामाला जा असं म्हणतही नाहीत. दोघंही शिकारी समाज, मग फरक कशानं? १९९४ साली तीन मानववंशशास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला. हाड्झांच्या भागात खाण्याचं वस्तीजवळ मिळतं, पाणी फार लांब नाही, डोंगर-खडक दिसत असतात त्यामुळे पोर हरवत नाही. कुंगांचा मुलूख सपाट, सगळीकडे सारखंच झुडूप, आणि कोरड्या दिवसांत पाणी फक्त वस्तीच्या डबक्याशी, तर त्यांच्या मुख्य फळाची, मोंगोंगोची, झाडं कित्येक किलोमीटर लांब आणि वाटेत पाण्याचा थेंब नाही. अशा वाटेला पोर नेलं तर ते जेवढं उचलून आणेल त्यापेक्षा त्याचं पाणी जास्त लागेल आणि चुकलं तर जीवच जाईल. त्यापेक्षा त्यानं घरी बसून आईनं आणलेल्या फळांच्या कडक बिया फोडाव्यात हे फायद्याचं.

म्हणजे कुंग आईबाप हौशी आणि हाड्झा आईबाप निर्दयी असं काही नाही. पोरानं किती काम करायचं याचं उत्तर पाणी कुठं आहे आणि वाट कशी आहे यावरून निघालं, आणि मग त्याचीच रीत झाली. आमच्या खाडीचंही तेच आहे बघा. तिसऱ्या पोटरीभर पाण्यात मिळतात म्हणून आठ वर्षांची पोर आजीबरोबर उतरते. कालवं मात्र कातळाला चिकटलेली, ती कोयत्यानं फोडून काढायची, पाय घसरला तर कातळाची धार लागते, त्यामुळे आमच्याकडे तिथं लहान पोराला कुणी नेत नाही. आणि होडीवर जाळं ओढायला तर मोठा झाल्याशिवाय नाहीच.

हे झालं घरच्या खाण्यापुरतं. पैसा आला की गोष्ट कशी बदलते ते अमेरिकेतल्या दोन निकालांवरून दिसतं. समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलिझर यांनी हे निकाल शेजारी शेजारी ठेवलेत आणि मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुढचं पान उलटवायला मला वेळ लागला.

१८९६ साल, जॉर्जिया राज्य. रेल्वेच्या हलगर्जीपणामुळे दोन वर्षांचं मूल मेलं. आईबापांनी कंपनीवर दावा लावला. आता त्या काळचा कायदा असा होता की मूल गेल्यावर नुकसानभरपाई म्हणजे त्या मुलाच्या कमाईची भरपाई, ते मोठं होईपर्यंत घराला जे कमावून देणार होतं ते. म्हणून आईबापांनी कोर्टात सांगितलं की आमचं पोर महिन्याला दोन डॉलरचं काम करायचं, शेजाऱ्यांकडे निरोप-निमित्त जायचं, धाकट्या भावंडाकडे लक्ष द्यायचं. दोन वर्षांचं पोर! कोर्टानं म्हटलं की इतकं लहान मूल काही कमावू शकत नाही, त्यामुळे भरपाई नाही, पुरण्याचा किमान खर्च तेवढा मिळेल. त्या आईबापांना दुःख नव्हतं असं कुणीच म्हणणार नाही, पण कोर्टात त्या दुःखाला रकाना नव्हता. रकाना होता तो कमाईचा, म्हणून त्यांना आपलं तान्हं पोर कमावतं होतं असं सांगावं लागलं. हेच पोर बारा वर्षांचं असतं आणि गिरणीत जात असतं तर भरपाई मिळाली असती.

दुसरा निकाल १९७९ चा, न्यूयॉर्कचा. सरकारी दंतचिकित्सालयात तीन वर्षांच्या मुलाला फ्लोराईडचा जास्त डोस गेला आणि ते मेलं. ज्युरीनं आईबापांना साडेसात लाख डॉलर द्यायला सांगितले. या मुलानंही दमडी कमावलेली नव्हती, उलट त्याच्यावर खर्चच होत होता, पण आता कुणी विचारलंसुद्धा नाही की ते काय काम करायचं.

मधल्या ८३ वर्षांत असं काय झालं? झेलिझर म्हणतात की १८७० ते १९३० च्या दरम्यान अमेरिकेत उपयोगी मूल जाऊन अमोल मूल आलं, म्हणजे ज्याची पैशात किंमत करणंच वाईट दिसतं असं मूल. बापाची मजुरी वाढत गेली, शाळा सक्तीची झाली, मुलं कमी दगावायला लागली, आणि मध्यमवर्गात आधीच रुजलेली ही कल्पना हळूहळू कामगारांच्या घरापर्यंत गेली. पण ती भांडणाशिवाय गेली नाही, आणि भांडणारे कारखानदारच होते असंही नाही. १९१६ साली अमेरिकेनं देशभरासाठी कायदा केला की १४ वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेतलं तर तो माल राज्याबाहेर विकता येणार नाही, आणि १४ ते १६ ची असतील तर दिवसाला आठच तास. नॉर्थ कॅरोलिनामध्ये रोलँड डॅगेनहार्ट नावाचा एक गिरणी कामगार होता, त्याची दोन पोरं त्याच्याच गिरणीत होती. तो कोर्टात गेला, माझ्या पोरांची मजुरी हा माझा हक्क आहे म्हणून, त्यामागे गिरणीमालकांची मदत होतीच. १९१८ साली सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी तो जिंकला आणि कायदा रद्द झाला. काही वर्षांनी एका पत्रकारानं त्याच्या मुलाला, रूबेनला, गाठलं. तो तेव्हा तरुण माणूस झालेला, अंगानं किरकोळ, शिक्षण नाही. तो म्हणाला की ती केस आम्ही हरलो असतो तर माझं बरं झालं असतं. देशभर लागू होणारी बंदी शेवटी १९३८ साली आली.

बापाला वाईट माणूस म्हणून मोकळं होऊ नका. त्याच्या लेखी मुलानं घराला हातभार लावणं हेच चांगलं बालपण होतं, त्याचंही तसंच गेलेलं असणार. चूक झाली ती तिथं की गिरणीतलं काम हे शेतातल्या कामाचंच दुसरं रूप आहे असं धरलं गेलं. शेतात पोर दमलं की बांधावर बसतं. गिरणीत सूत कातणाऱ्या चाती बसत नाहीत, आणि सूत तुटलं की पोरानं धावायचं. शिवाय शेतातलं पोर वीस वर्षांचं होईपर्यंत अख्खी शेती शिकतं, गिरणीतलं पोर तुटलेलं सूत जोडायला शिकतं ते शिकतं.

आपल्याकडे शाळेच्या सक्तीची मागणी केंद्रीय कायदे मंडळात मांडली ती कोकणातल्याच माणसानं, हे आमच्या पोरांना सांगायला मला फार आवडतं. गोपाळ कृष्ण गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे, जन्म १८६६. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्येच आपल्या राज्यात सक्ती आणलेली होती, ब्रिटिश मुलखात मात्र काही नव्हतं. आणि गोखल्यांनी किती थोडं मागितलं बघा. सक्ती सुरुवातीला फक्त मुलग्यांना, सहा ते दहा वर्षं एवढीच, आणि तीही जिथली नगरपालिका किंवा लोकल बोर्ड स्वतःहून म्हणेल तिथंच. म्हणजे सगळ्यात पुढं बघणाऱ्या माणसानं मागितलेलं बालपणही चार वर्षांचं होतं आणि त्यात सुरुवातीला मुलगी नव्हती. त्या विधेयकात पोर शाळेत न येण्याची मान्य कारणं दिलेली होती, त्यात आजारपण आणि घरची अडचण होतीच, पण शेतीच्या हंगामाची गरज हेही कारण होतं. पोर लावणीला गेलं म्हणून बापाला दंड नको, हे कोतळूकसारख्या गावात जन्मलेल्या माणसाला वेगळं समजावून द्यायला लागलं नसणार. तरीसुद्धा मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. खर्च कोण करणार हा सरकारचा मुद्दा होता, आणि पोरं शिकली तर शेतात कोण राबणार ही काही जमीनदारांची भीती.

पुढं कोकणातली पोरं शाळेत टिकली त्यात कायद्याइतकाच हात मुंबईच्या मनीऑर्डरीचा आहे असं माझं मत आहे. बाप गिरणीत, पैसे गावी, म्हणून पोराला मजुरीला पाठवायची गरज कमी झाली. घरचं काम मात्र राहिलं, कारण बाप नसल्यामुळं गुरं, पाणी, लावणी हे आई, आजी आणि पोरांवरच होतं. एकाच पोराच्या अंगावर दोन्ही बालपणं होती, सकाळी शाळा आणि संध्याकाळी गुरं.

आता आजचं. ६ ते १४ च्या मुलांना शाळेचा हक्क १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१६ मध्ये बालमजुरीच्या कायद्यात बदल झाला, आता १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामाला ठेवता येत नाही, पण दोन सवलती आहेत. एक, मूल शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना किंवा घरच्या धंद्यात मदत करू शकतं, ते काम धोक्याचं नसेल तर. दुसरी, सिनेमा-सीरियल-जाहिरातीत काम करणाऱ्या मुलांची, तिथं काही अटी आहेत. अमेरिकेतही शंभर वर्षांपूर्वी नाटकातल्या मुलांवरून असाच वाद झालेला, कारण तिथल्या कामाला लोक काम म्हणायला तयार नव्हते. पहिल्या सवलतीत घर म्हणजे फक्त आईबाप नाही, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी हे सगळे आले. इथंच माझ्यासारखीची पंचाईत होते, कारण मावशीच्या धंद्यातली मदत कुठं संपते आणि मजुरी कुठं सुरू होते हे कागदावर दिसत नाही.

हजेरीपत्रकावर मात्र दिसतं. माझ्या वर्गातली दोन पोरं सांगते, नावं नाही सांगणार. एक पाचवीतला मुलगा. आमच्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि पाऊस नीट लागला की लगेच लावणी येते, म्हणजे मेच्या सुट्टीत, पोरं मोकळी असतात तेव्हा, शेतात काम नसतं आणि काम येतं तेव्हा शाळा सुरू झालेली असते. हा मुलगा जुलैमध्ये सलग आठ दिवस गैरहजर. नवव्या दिवशी हातापायांना चिखल्या घेऊन आला, तरवा, म्हणजे भाताची रोपं, कसा काढतात, मुठी कशा बांधतात, त्याच्या मुठी सैल झाल्या म्हणून काका कसा ओरडला, सगळं वर्गात सांगितलं. त्यानंतर वर्षभर त्याची हजेरी पूर्ण.

दुसरी, त्याच वर्गातली मुलगी. जून-जुलैला एकही दिवस बुडाली नाही. मला तेव्हा वाटलं किती नियमित पोर. ऑगस्टपासून सुरू झालं, एखादा सोमवार नाही, मग गुरुवार-शुक्रवार नाही, मग दहा दिवस व्यवस्थित, मग पुन्हा मंगळवार नाही. कारण विचारलं की पोट दुखत होतं. माझ्या लक्षात यायला नोव्हेंबर उजाडला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये होड्या सुटतात, आणि ज्या दिवशी कोलंबीचा माल जास्त येतो त्या दिवशी पहाटेच सोलणीला हात लागतात. तिची आई तिथं किलोवर सोलायची, मुलगी आईच्या शेजारी बसून सोलायची आणि वजन आईच्याच नावावर लागायचं. बर्फाच्या पाण्यातून कोलंबी उचलायची, त्यामुळे बोटांची टोकं पांढरी पडून भेगा गेलेल्या, आणि पेन धरताना ती अंगठा दुमडून धरायची, जे मी दोन महिने अक्षर सुधारायच्या नादात दुरुस्त करत होते.

वरून बघितलं तर दोन्हीकडे पोर घरच्यांच्या शेजारी काम करतंय. कायद्याच्या भाषेत दोघंही घरच्यांना मदत करतायत असं कुणी म्हणू शकेल, खरं तर शाळेच्या वेळेतलं काम दोघांचंही बसत नाही. पण मुलाचं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे पाऊस आणि काका ठरवतात, आणि काकाला पोर दमलेलं दिसतं. मुलीचं काम दुसऱ्याच्या मालावर, दुसऱ्याच्या वेळेवर, आणि ती थांबली तर आईचे किलो कमी होतात. मुलगा लावणी शिकतोय, दोन वर्षांत त्याच्या मुठी घट्ट होतील, मग चिखलणीला हात लावेल. मुलगी पहिल्या आठवड्यात जे शिकली त्यापुढं तिथं शिकण्यासारखं काहीच नाही. म्हणून मी आता गैरहजेरीच्या खुणेशेजारी पेन्सिलनं कारण लिहिते, आणि गैरहजेरी सलग आहे की विखुरलेली ते महिन्याच्या शेवटी बघते. विखुरलेली असेल आणि ती भरती-ओहोटी किंवा मालाच्या दिवसांशी जुळत असेल तर घरी जाते.

त्या मुलीच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईनं वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "बाई, दोन हातांत भागत असता तर तिका बसवलंय असता?" समाजानं घडवलेलं बालपण हे सगळं मला तोंडपाठ होतं पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण अमोल मूल परवडायला आधी मोठ्यांची मजुरी पुरावी लागते. आम्ही दोघींनी ठरवलं ते एवढंच की चाचणी परीक्षेच्या आठवड्यात आणि सोमवारी ती शाळेतच येईल, कारण सोमवारी मी नवीन गणित सुरू करते. मार्चपर्यंत तीन सोमवार बुडाले.

पुण्याच्या वहिनीला मी हे सगळं त्या मे महिन्यात फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, मग तुझी भाची नक्की काय करत होती ते सांग ना. दिवाळीत ती मुलाला घेऊन गावी आली. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी अजून उधाणाचं पाणी होतं, तर मुलगाही भाचीबरोबर खाडीत उतरला, पहिली पंधरा मिनिटं वाकून पाण्यात डोळे लावून बसला आणि त्याला काही मिळालं नाही. मग भाचीनंच त्याला सांगितलं, "डोळ्यान नको रे, पायान." शेवटी अकरा सापडल्या, त्यातल्या चार आईनं परत सोडायला लावल्या. वहिनी बांधावर चपला हातात घेऊन उभी होती. उद्या किती वाजता ओहोटी, तिनं विचारलं. आई म्हणाली, "आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरान."